रिव्ह्यूअरला ‘नाही’ म्हणायचं, पण कसं?

प्रश्न : मॅडम, माझा पहिलाच लेख आहे, पिंपरी-चिंचवडमधल्या गुंठेवारीच्या घरांवर. जर्नलकडून ‘मेजर रिव्हिजन’ आलंय. एका रिव्ह्यूअरला विषयच कळलेला नाही असं वाटतं. दुसरा माझ्याकडे नसलेले आकडे मागतोय, आणि नकाशाही मागतोय जो मी देऊ शकत नाही. सगळं मान्य केलं तर लेख माझा राहत नाही, आणि नाही म्हटलं तर ते लेख परत पाठवतील. उत्तराचं पत्र कसं लिहू?

उत्तर : ही विद्यार्थिनी माझ्याकडे आली तेव्हा पत्राचा पहिला खर्डा तिने सोबतच आणला होता. (तिच्या संमतीने लिहिते आहे, वस्तीची आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पत्र इंग्रजीत होतं, इथे त्याचा आशय मराठीत देते.) खर्ड्यातलं पहिलंच उत्तर असं होतं : “रिव्ह्यूअरने लेख नीट वाचलेला दिसत नाही. व्याख्या पान ३ वर स्पष्ट दिली आहे.”

मी तिला पान ३ काढायला सांगितलं. व्याख्या होती, पण तळटीपेत. मुख्य मजकुरात त्याच घरांना एका ठिकाणी ‘झोपडपट्टी’ म्हटलं होतं, दुसरीकडे ‘अनधिकृत बांधकाम’ आणि तिसरीकडे ‘अनौपचारिक वस्ती’. रिव्ह्यूअरचा प्रश्न होता, “आरसीसीच्या, दोन-तीन मजली, घरपट्टी भरणाऱ्या घरांना अनौपचारिक का म्हणायचं?” मला तो रास्त वाटला. रिव्ह्यूअर चुकीचं समजला असं वाटलं की आधी आपल्या पानावर जावं, असं मी सगळ्यांनाच सांगते. बहुतेक वेळा गैरसमजाला जागा आपणच दिलेली असते. पत्रात त्याला समजावून उपयोग नाही, कारण लेखाच्या उद्याच्या वाचकाला ते पत्र दिसणार नसतं.

म्हणून पत्र बाजूला ठेवून आम्ही घराचे थर मोजले. पहिला थर जमिनीचा. ही जमीन खासगी शेतजमीन, मूळ मालकाने पैसे घेऊन विकलेली, म्हणजे हे सरकारी जागेवरचं अतिक्रमण नव्हे. दुसरा थर तुकड्यांचा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याला वळसा घालून एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडले गेले (गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट). त्यामुळे रीतसर खरेदीखत झालं नाही आणि हातात राहिलं ते नोटरी केलेलं साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र. तिसरा थर बांधकामाचा, तेही परवानगीशिवाय. चौथा थर कराचा, आणि खरी गंमत इथे आहे. महापालिका या घरांकडून घरपट्टी घेतेच, वर अनेक वर्षं अनधिकृत बांधकामाचा दंड म्हणून दुप्पट शास्तीकरही लावत होती. तो २०२३ मध्ये माफ झाला. मात्र कर घेतला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, असं शास्तीकराचा कायदाच सांगतो.

थर मांडून झाल्यावर तिचं तिलाच दिसलं की घर अख्खं अनौपचारिक नाही. दुसऱ्या-तिसऱ्या थरावर ते अनौपचारिक आहे, पहिल्यावर नाही, आणि चौथ्यावर सरकारनेच त्याला अर्धवट ठेवलंय. झोपडपट्टीपासूनचा फरकही आपोआप आला. झोपडीधारकाचं संरक्षण झोपडपट्टी कायद्यातून आणि १ जानेवारी २००० सारख्या तारखांवरून ठरतं. ही घरं नियमित करण्यासाठी २००१ चा वेगळा गुंठेवारी कायदा आहे. शहर-नियोजनाच्या अभ्यासक अनन्या रॉय यांनी २००५ साली मांडलं होतं की अनौपचारिकता ही शासनाच्या बाहेर घडत नाही, काय अपवाद ठरेल हे शासनच ठरवतं. हा संदर्भ तिच्या लेखात आधीपासून होता, पण प्रस्तावनेत नुसताच टांगलेला. शास्तीकराशेजारी आणून ठेवल्यावर तो कामाला लागला.

मग पत्रातलं उत्तर असं झालं : “हा गोंधळ आमच्या मजकुरामुळे झाला. तीन शब्द एकाच अर्थाने वापरले होते. आता सर्वत्र ‘गुंठेवारी घर’ हाच शब्द ठेवला आहे. तळटीपेतली व्याख्या काढून पान ४ वर नवा परिच्छेद घातला आहे. जमीन, विभाजन, बांधकाम आणि कर या चार पातळ्यांवर घराची कायदेशीर स्थिती कशी वेगवेगळी आहे हे त्यात सांगितलं आहे.” खाली तो परिच्छेद जसाच्या तसा चिकटवला. रिव्ह्यूअरला पुन्हा लेख उघडून शोधायला लावू नये, बदललेला मजकूर पत्रातच दिसावा. ओळीचे क्रमांक मात्र अगदी शेवटी, लेखाची फाईल कायम झाल्यावरच घालायचे, नाहीतर ते सरकतात.

दुसऱ्या रिव्ह्यूअरचा मुद्दा क्रमांक ३ जास्त अवघड होता. त्याने लिहिलं होतं, “शहरातले किती टक्के लोक अशा घरांत राहतात ते जनगणनेवरून द्या. २६ मुलाखतींवरून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही, आणि भाडेकरूंचं काय?” एका मुद्द्यात तीन मुद्दे होते. तिने त्याला एकच लांबलचक, थोडं रडवेलं उत्तर लिहिलं होतं. आम्ही ते तोडून ३अ, ३आ, ३इ केलं. असं तोडलं नाही की सोप्या भागाचं उत्तर दिलं जातं आणि अवघड भाग तसाच राहून जातो. रिव्ह्यूअरच्या ते लगेच लक्षात येतं.

३अ साठी तिने २०११ च्या जनगणनेतला झोपडपट्टीचा आकडा टाकायचं ठरवलं होतं. मागितलंय तर देऊन टाकू, असा विचार. मी तिला थांबवलं. त्या जनगणनेत झोपडपट्टी म्हणून ओळखायला साधारण ६०-७० कुटुंबांची दाटीची वस्ती, निकृष्ट बांधकामाची घरं आणि अपुरं पाणी-स्वच्छता ही लक्षणं धरली होती. तिच्या वस्तीतली घरं पक्की, नळ घरात, संडास घरात. ती त्या आकड्यात येण्याचं कारणच नव्हतं. म्हणजे आकडा खरा असूनही तो दुसऱ्याच घरांचा ठरला असता. आणि पहिल्या रिव्ह्यूअरसाठी जो गोंधळ निस्तरला, तोच मागच्या दाराने परत आला असता.

इथे ‘नाही’ म्हणायचं होतं. उत्तर असं : “हा आकडा आम्ही दिलेला नाही. जनगणनेची झोपडपट्टीची व्याख्या बांधकामाच्या दर्जावर आणि सुविधांवर उभी आहे. आम्ही अभ्यासलेली घरं त्या निकषांत बसत नाहीत. हा मुद्दा महत्त्वाचा असल्याने पान ६ वर तो स्पष्ट करणारी चार वाक्यं घातली आहेत.” नकारातही लेखात काहीतरी बदललं, हे लक्षात घ्या. ज्याला आपण नाही म्हणतो त्याच्या शंकेलाही लेखात जागा मिळाली पाहिजे. “आम्ही सहमत नाही” एवढ्यावर थांबलेलं उत्तर संपादकाला पुढे काहीच करू देत नाही. आणि पत्र रिव्ह्यूअरांना दाखवलं जात असलं तरी त्यावर निर्णय संपादकच घेतात.

३आ मध्ये रिव्ह्यूअर अर्धा बरोबर होता. २६ घरांवरून ‘शहरातले बहुतेक गुंठेवारी रहिवासी’ असं म्हणता येत नाही. तिने ‘बहुतेक’च्या जागी टक्केवारी घालू का विचारलं. २६ जणांची टक्केवारी काढली की नेमकेपणाचा नुसता भास होतो, मला ती सवय आवडत नाही. मुलाखतींची ताकद दुसरीकडे होती. कागद कोणत्या क्रमाने जमत जातात ते त्यांतून कळत होतं : आधी नोटरीचं साठेखत, त्याच्या आधारे विजेचं मीटर, मग घरपट्टीची पावती, मग तो पत्ता रेशनकार्डावर. पुढचा कागद मागच्या कागदावर उभा. ही प्रक्रिया दाखवायला २६ घरं पुरतात. ती किती घरांत घडते हे सांगायला पुरत नाहीत. सारांशात, निष्कर्षात आणि शीर्षकातही ‘शहरातील’ काढून ‘दोन वस्त्यांतील’ केलं. शीर्षक बदलायला ती नाखूश होती. पण दावा आकसला तसा तो पक्काही झाला.

३इ मध्ये रिव्ह्यूअर पूर्ण बरोबर होता. सगळ्या ओळखी बचत गटातल्या बायकांमार्फत झालेल्या, आणि गटात होत्या घरमालकिणी. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू अभ्यासात आलेच नव्हते. घाईत चार भाडेकरू गाठून यावं, असं तिच्या गाइडांचं मत होतं. मला ते पटलं नाही. नैतिक समितीची परवानगी मालक कुटुंबांपुरती होती, आणि चार घाईच्या मुलाखती जोडल्यावर लेख भाडेकरूंबद्दल बोलतो असा आव येतो, प्रत्यक्षात काही बोलत नाही. गाइडांशी तीच बोलली, त्यांनीही मान्य केलं. लेखातलं भाडेकरूंविषयीचं ऐकीव वाक्य काढलं आणि ‘हे निष्कर्ष मालकांपुरते’ असं पद्धतीच्या भागात लिहिलं. पत्रात दोनच ओळी आल्या. चूक मान्य असेल तर उत्तर आखूड असावं.

नकाशाची मागणी मला सगळ्यात नाजूक वाटली. रिव्ह्यूअरला गट नंबरांसह जागेचा नकाशा हवा होता. घरं नियमित झालेली नाहीत. गट नंबर छापला की कुठली घरं ते कुणालाही शोधता येतं, आणि मुलाखत देणाऱ्याला नोटीस येऊ शकते. संमतीपत्रात तिने ओळख उघड न करण्याचं वचन दिलेलं होतं. पत्रात नेमकं हेच कारण लिहिलं, ‘गोपनीयतेमुळे’ एवढ्या एका शब्दावर भागवलं नाही. बदल्यात शेत, पायवाट, प्लॉट आणि रस्ता यांची रचना दाखवणारी, प्रमाणाशिवायची आकृती दिली. ते करताना तिलाच सापडलं की लेखाच्या दुसऱ्या पानावर मंदिराचं नाव आणि बस थांबा दोन्ही होते. दोन्ही काढले.

बाकीचं थोडक्यात. पहिल्याला सैद्धांतिक भाग कमी हवा होता, दुसऱ्याला जास्त. असा विरोध संपादकांना उद्देशून पत्राच्या सुरुवातीलाच सांगावा, आपण काय केलं आणि का ते लिहावं, दोघांना वेगवेगळं खूश करू नये. आभार एकदा मानावेत. तिने प्रत्येक मुद्द्याआधी मानले होते, ते खोटे वाटतात. रिव्ह्यूअरने सुचवलेले संदर्भ वाचून जे लागू पडतात तेवढेच घ्यावेत. दोन्ही बाजूंनी नावं गुप्त असतील तर पत्रात विद्यापीठाचं, समितीचं, गाइडांचं नाव नको, आणि फाईलच्या प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नावही पुसावं. मुदत अपुरी वाटत असेल तर ती उलटण्याआधीच संपादकांना मेल टाकावा.

पहिल्या रिव्ह्यूअरने पुढच्या फेरीत काहीच मागितलं नाही. दुसऱ्याने नकाशाचा विषय सोडून दिला आणि एकच गोष्ट काढली : लेखात गुंठेवारी कायद्याची १ जानेवारी २००१ ही मुदतच दिली होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली हे राहिलं होतं. त्यामुळे तिच्या २६ पैकी काही घरं आता नियमित होण्यास पात्र ठरत होती. शेवटच्या भागातले दोन परिच्छेद तिला पुन्हा लिहावे लागले, आणि यावेळी पत्राचा खर्डा तिने मला पाठवला तो फक्त माहितीसाठी.