पहिल्या बॉयाआधीच दम कोंडतो

"मॅडम, टँकमध्ये मी दोन किलोमीटर न थांबता पोहतो. पण ट्रायथलॉनच्या स्टार्टला चारी बाजूंनी हातपाय लागायला लागले की छाती आवळते, श्वास आत जातच नाही. मागच्या वेळी बोटीत बसून परत आलो. नाद सोडून द्यावा का?"

हे गृहस्थ चाळिशीतले, गोव्याच्या हाफ आयर्नमॅनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या ट्रायथलॉनची, तयारी करणारे. तिथे समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं असतं. हृदयाची तपासणी करून घ्या, असं मी आधी सांगितलं. ती व्यवस्थित आली, तेव्हा विचारलं, "पहिल्या मिनिटात नेमकं काय काय केलंत?"

शिट्टीबरोबर ते जीव तोडून निघाले होते. कुणाची तरी टाच गॉगलवर बसली. बॉया, म्हणजे वाट दाखवणारा तरंगता फुगा, दिसेना, म्हणून त्यांनी अख्खं डोकं वर काढलं. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, पाय जोरात मारावे लागतात आणि दम आणखी लागतो. त्यात धसक्याने पाण्यात श्वास सोडणं थांबलेलं. छाती आधीच भरलेली, मग नवी हवा जाणार कुठे? श्वास 'आत जात नाही' असं वाटतं, तेव्हा बहुतेकदा तो बाहेर गेलेला नसतो.

म्हणून आम्ही सोडण्यावरच काम केलं. तोंड पाण्यात असताना गुणगुणायचं, म्हणजे बुडबुडे सुटत राहतात. गुणगुणणं थांबलं की श्वास धरलाय हे आपल्यालाच कळतं. बॉया बघताना फक्त डोळे पाण्याबाहेर काढायचे, मगरीसारखे, आणि लगेच मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा. समोर बघतानाच श्वास घ्यायला गेलं की लाट तोंडात येते. बॉया लाटेआड जातो, त्यामुळे त्याच्या मागचं एखादं झाड किंवा इमारत आधीच हेरून ठेवायची आणि साधारण आठ हातांनी एकदा बघायचं.

गर्दीची सवय टँकमध्येच केली. एका लेनमध्ये चौघे, मुद्दाम एकमेकांना घासत, भिंतीला पाय न लावता. मधेच दम कोंडला असं धरून उताणं व्हायचं, तोंडाने लांब श्वास सोडायचा, मग थोडं ब्रेस्टस्ट्रोक आणि पुन्हा फ्रीस्टाइल. (हे करायला त्यांना लाज वाटायची. लेनमधल्या बाकीच्यांनाही तीच सवय लागल्यावर ती गेली.)

शर्यतीत बॉया किंवा मदतीची छोटी होडी, कयाक, धरून थांबता येतं. त्यांचा आधार घेऊन पुढे सरकायचं नाही, एवढीच अट. हे नियमात बसतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पुढच्या शर्यतीत ते कडेला, मागच्या रांगेत उभे राहिले आणि घोळका सुटू दिला. पहिल्या बॉयाच्या वळणावर छाती आवळलीच. उताणे झाले, चार-पाच श्वास सोडले आणि निघाले.

एक मात्र मी त्यांना बजावलं होतं. उताणं होऊनही धाप बसत नसेल, खोकला येत असेल किंवा थुंकीत गुलाबी फेस दिसला, तर ती घबराट नव्हे. फुप्फुसात पाणी साचत असू शकतं. तेव्हा हात वर करून कयाक बोलवायची आणि थेट डॉक्टरांकडे जायचं.