दहापैकी सहा सौदे फायद्याचे, तरी भांडवल का घटतं

"सोयाबीन अन् तूर भरून ठेवतो, भाव आला की विकतो. गेल्या 10 सौद्यांत 6 फायद्याचे, 4 तोट्याचे. भाव 15 टक्के वर गेला किंवा 15 टक्के खाली आला, असंच धरा. घरचे पैसे 3 लाख, माल तिप्पट भरतो, बाकी उचल. तरी आता 2 लाख 55 हजारच उरले. कोणी सांगेल काऊन?"

भाऊ, तुमचं वाचलं अन् माझं 4 लाखाचं भांडवल आठवलं, म्हणून लिहितोय. मी काही सल्लागार नाही, भुसार मालाची खरेदी-विक्री करणारा माणूस आहे.

तुमचा भावाचा अंदाज चुकत नाहीये, माल भरायचं माप चुकतंय. तिप्पट माल म्हणजे 15 टक्के भाव हलला की घरच्या पैशात 45 टक्के फरक. फायद्याला 1.45 नं गुणा, तोट्याला 0.55 नं. सहा वेळा अन् चार वेळा गुणून पाहा, 0.85 येतं, म्हणजे तुमचे 2 लाख 55 हजार. आधी फायदा झाला का आधी तोटा, यानं काही फरक पडत नाही, गुणाकार तोच येतो. आपण मनात बेरीज करतो, सहा वजा चार, दोन सौद्यांचा फायदा उरला. पैसा तं गुणाकारानं चालतो.

मग किती भरायचा? याचं उत्तर जॉन केली नावाच्या माणसानं 1956 मध्ये काढलं, तो बेल लॅब्समध्ये टेलिफोनच्या कामावर होता. आपल्या सौद्याला लावून असं होतं:

```
माल / भांडवल = (p*W - q*L) / (W*L)
```

p म्हणजे फायद्याचे सौदे (0.6), q तोट्याचे (0.4), W अन् L म्हणजे मालावरचा फायदा अन् तोटा, दोन्ही 0.15. वर 0.03, खाली 0.0225, उत्तर 1.33. म्हणजे 3 लाखावर 4 लाखाचा माल. त्याच दहा सौद्यांत, दर सौद्याला माप पुन्हा काढून, 3 लाखाचे जवळपास 3 लाख 67 हजार झाले असते. याच्यावर भरत गेलं की वाढ कमी-कमी होते, साधारण दुपटीला शून्यावर येते अन् त्याच्या पुढं पैसा घटतो. तुम्ही त्या रेषेच्या पलीकडं आहात.

आता माझी खरी चूक. माझे तीन सौदे लागोपाठ चांगले गेले तं एका ठिकाणी, नाव नाही घेत, स्वतःहून लिमिट वाढवून दिलं. मी 4 लाखावर 16 लाखाचा माल तारण ठेवला. भाव 15 टक्के पडला, 2 लाख 40 हजार गेले, 1 लाख 60 हजार उरले. परत 4 लाखावर यायला 150 टक्के कमवायला पायजेत. अन् भाव पडायला लागला तेव्हाच मी अर्धा माल सोडवून विकायला गेलो होतो, तं म्हणे पूर्ण कर्ज भरा, मगच गेटपास. 11 दिवस चकरा मारल्या. भांडवल घटलं की मालही त्याच प्रमाणात घटवता आला पायजे, नाहीतर हे सारं माप कागदावरच राहतं. म्हणून उचल घ्यायच्या आधी एकच विचारा, अर्धा माल सोडता का? अन् ते लेखी घ्या.

आणखी एक, हे लय लोक धरतच नाहीत. तुमच्या 15 टक्क्यांत हमाली, तोलाई, गोदाम भाडं, व्याज धरलंय का? समजा हे सारं मालाच्या 2 टक्के होतं. मग फायदा 13, तोटा 17. वर फक्त 0.01 उरतं, खाली 0.0221, उत्तर 0.45. म्हणजे 3 लाखावर सव्वा-दीड लाखाचाच माल, उचलीची गरजच नाही. दोन टक्क्यांनी 4 लाखाचं माप तिसऱ्या हिश्श्यावर आलं. ओल सुकून वजन घटलं तं आणखी कमी.

शिवाय 10 सौद्यांवरून 60 टक्के ठरत नाही. खरे 55 असतील तर खर्च न धरताही माप 4 लाखावरून 2 लाखावर येतं. म्हणून मी सूत्राच्या निम्मंच भरतो. निम्म्यात वाढीचा साधारण पाऊण हिस्सा मिळतो अन् चढउतार अर्धे होतात. माझ्या मते कोणीच पूर्ण मापानं भरू नये, पण ज्यानं-त्यानं आपलं पाहावं. सोयाबीन अन् तूर एकाच वेळी भरून दोन वेगळे सौदे मोजू नका, मंदी आली तं बरेचदा दोन्ही सोबतच बसतात.

तुमचा दर क्विंटलचा सारा खर्च अन् व्याजाचा दर इथं टाका, मी तुमचं माप काढून देतो.