बरगे, कालवा आणि धक्का: पाण्याकाठी काम करणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न: कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे काढायचं काम घेतलंय. गडी सगळे नदीकाठचे, पट्टीचे पोहणारे. जॅकेट घातलं की वाकता येत नाही म्हणतात. त्याऐवजी कमरेला दोर बांधून काम केलं तर चालेल का? (मुकादम, शिरोळ तालुका)

कमरेला लांब दोर बांधू नका. वाहत्या पाण्यात माणूस दोराला अडकून जागच्या जागी थांबला, की पाणी त्याच्या अंगावरून जायला लागतं आणि त्याला खाली दाबतं. वरून चौघांनी ओढलं तर तो आणखी खाली जातो. दोर बांधायचाच असेल तर तो इतका आखूड हवा, की माणूस कडेपर्यंतच पोचू नये. खांबांच्या माथ्यावर एक तारेचा दोर ताणून पक्का करा आणि त्यात प्रत्येकाच्या हार्नेसचा दोर अडकवा. हार्नेस म्हणजे छाती-खांद्यांवरून येणारा. नुसता कमरपट्टा नको.

आता पोहण्याचं. एखादा बरगा, म्हणजे खांबांमध्ये पाणी अडवणारी फळी, गाळात अडकतो, एका बाजूने उचलला जातो आणि खाली तिरकी फट पडते. मग कोणीतरी आकडा अडकवायला वरच्या अंगाला बुडी मारतो. इथेच घात होतो. समजा फट पाण्याखाली दीड मीटरवर आहे आणि पलीकडची बाजू मोकळी आहे. त्या फटीवर माणसाची छाती-पोट मिळून ०.३ चौरस मीटर जागा चिकटली, तर दाब होतो ०.३ × १.५ × १००० = ४५० किलो. चांगलं जॅकेट माणसाला वर उचलतं ते जेमतेम पंधरा किलोच्या जोराने. म्हणजे तिथे पोहणं कामाला येत नाही, जॅकेटही नाही, आणि वरून ओढणारे चार गडीही नाहीत. फट वाहती असताना वरच्या अंगाला कोणीही बुडी मारायची नाही, हा नियम मोडू देऊ नका. आकडा लांब बांबूने किंवा पाइपने वरूनच अडकवा. निघत नसेल तर पाणी उतरेपर्यंत तो बरगा तसाच राहू द्या.

खालच्या अंगाचा धोका वेगळा. बरग्यांवरून पडणारं पाणी तळाशी जातं आणि पुढे उसळून वरच्या थरातून पुन्हा बंधाऱ्याकडेच फिरतं. त्यात सापडलेला माणूस परत परत पडत्या पाण्याखाली ओढला जातो, शिवाय पाणी फेसाळ असल्याने अंगही नीट तरंगत नाही. ओळखायला सोपं आहे: एखादा ओंडका किंवा बाटली तिथेच गोल गोल फिरत राहिली आणि पुढे वाहून गेली नाही, तर त्या पट्ट्यात माणूसही अडकणार. बचावाची होडी त्या पट्ट्यात नेऊ नका, तीही ओढली जाते. उसळीच्या पुढे, दोन्ही काठांवर एकेक माणूस फेकदोर घेऊन उभा ठेवा. पुलावर वाकून काम करणाऱ्यांना पातळ फोमचं, बाजूंना पट्टे असलेलं जॅकेट द्या. वाकता येत नाही ही तक्रार बहुतेक वेळा मोठ्या मापाच्या जॅकेटची असते. वळवाचा पाऊस पडून पाणी चढायला लागलं की त्या दिवशीचं काम बंद. बुडण्याचा धोका असलेल्या बांधकामावर बचावाचं साहित्य जागेवर तयार ठेवणं मालकाचं काम आहे, तेव्हा त्याचा खर्च गड्यांच्या हजेरीतून कापू नका.

प्रश्न: अस्तर केलेल्या कालव्यावर पाटकरी म्हणून काम करतो. पाणी छातीएवढंच असतं, तरी पडलेला माणूस बाहेर येत नाही. असं का, आणि आम्ही काय ठेवावं?

काँक्रीटचा उतार, त्यावर शेवाळ, आणि पाय टेकवू न देणारा वेग. सेकंदाला एक मीटर हा काही फार मोठा वेग नव्हे, पण त्यानेही माणूस मिनिटाला साठ मीटर पुढे जातो आणि दर वेळी हात घसरतो. पुढे सायफन, म्हणजे कालव्याचं पाणी नाल्याखालून नेणारी बंद नळी, असेल तर पडलेल्याकडे वेळ किती, हे तुम्हीच मोजा: सायफन शंभर मीटरवर असेल तर पावणेदोन मिनिटंही नाहीत.

म्हणून सायफनच्या वरच्या अंगाला, निदान पन्नास मीटर आधी, कालव्यावर तिरका दोर ताणा. त्याला तरंगते डबे किंवा बोये बांधा. दोराचं खालच्या अंगाचं टोक त्याच काठावर यावं जिथे शिडी आहे. मग दोर धरलेला माणूस प्रवाहानेच शिडीकडे सरकतो. सरळ आडवा दोर लावलात तर तो मधेच लटकून राहील. फेकदोर टाकताना पडलेल्याच्या मागे धावू नका. आधी पुढे पळा, बसा, आणि तो समोर यायच्या जरा आधी दोर त्याच्या पलीकडे पडेल असा टाका. दोर हाताला गुंडाळायचा नाही. तो नायलॉनचा नको, पॉलिप्रॉपिलीनचा हवा, कारण तो पाण्यावर तरंगतो.

प्रश्न: जेटीवर दुरुस्तीचं काम चालतं, वेल्डिंगही असतं. आपोआप फुगणारी जॅकेटं आणली, पण पावसाळ्यात ती कपाटात लटकलेली असतानाच फुगतात. परत करावीत का? (सुरक्षा पर्यवेक्षक, अलिबाग)

परत करायची गरज नाही, पण सगळ्यांना तीच देऊ नका. त्यात पाण्याने विरघळणारी एक गोळी असते. ती विरघळली की स्प्रिंग सुटते, गॅसच्या बाटलीला भोक पडतं आणि जॅकेट फुगतं. कोकणातल्या दमट हवेत गोळी हळूहळू मऊ होते, म्हणून ती तारखेप्रमाणे बदला आणि जॅकेट कोरड्या, हवेशीर जागी टांगा. दर महिन्याला बाटली काढून वजन करा. बाटलीवर कोरलेल्या वजनापेक्षा ती कमी भरली तर बदला. परत लावताना पूर्ण घट्ट पिळा. सैल बाटली हे न फुगण्याचं नेहमीचं कारण आहे आणि बाहेरून ते दिसत नाही.

वेल्डरला मात्र फोमचं द्या. ठिणगीने फुग्याला बारीक भोक पडलं तर पाण्यात पडेपर्यंत कळत नाही. धक्क्याच्या खाली, खांबांमध्ये काम करणाऱ्यालाही आपोआप फुगणारं नको, कारण भरती चढत असताना ते त्याला वरच्या स्लॅबला चिकटवून ठेवू शकतं.

जॅकेटवर त्याचा वर उचलण्याचा जोर ५०, १०० किंवा १५० न्यूटन असा लिहिलेला असतो. ५० चं फक्त शुद्धीवर असलेल्या, पोहणाऱ्या माणसासाठी. डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्याचं तोंड वर फिरवायला १५० चं लागतं, आणि तेही मांड्यांमधला पट्टा बांधलेला असेल तरच. पट्टा सुटा असेल तर जॅकेट कानापर्यंत वर येतं आणि माणूस खालीच राहतो.

शिडीकडेही बघा. उधाणाच्या ओहोटीला जाऊन तिची शेवटची पायरी पाण्याखाली आहे का ते तपासा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं. भरतीला पुरणारी शिडी ओहोटीला हवेत लोंबते, आणि भिजलेल्या माणसाला दोन मीटर हातांनी वर ओढणं दोघांनाही जमत नाही.

प्रश्न: बाहेर काढल्यावर पोटातलं पाणी काढायला उलटं धरावं का?

नाही. उलटं टांगणं आणि पोट दाबणं यात मिनिटं जातात, आणि उलटी होऊन ती फुप्फुसात जाते. श्वास चालू नसेल तर सपाट झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवा. बुडालेल्याला आधी प्राणवायू हवा असतो, म्हणून नुसते छातीचे दाब पुरत नाहीत. तोंडातून फेस येत राहील. तो पुसत बसू नका. आणि तो उठून ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी दवाखान्यात न्या, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.