मायक्रो प्रिसिजन आणि मायक्रो रिकॉल एकच का येतात, आणि मॅक्रो का घसरतो?

प्रश्न: माझं तीन क्लासचं मॉडेल आहे. `average='micro'` दिलं की प्रिसिजन आणि रिकॉल तिसऱ्या दशांशापर्यंत सारखे येतात. `'macro'` दिलं की दोन्ही बरेच खाली जातात आणि वेगवेगळेही होतात. कोड चुकलाय का? रिपोर्टमध्ये नक्की कुठला आकडा लिहू?

उत्तर: कोड बरोबर आहे. प्रत्येक नमुन्याला एकच लेबल असेल आणि सरासरीत सगळे क्लास धरले असतील, तर मायक्रो प्रिसिजन, मायक्रो रिकॉल आणि साधी ॲक्युरसी ही एकाच आकड्याची तीन नावं आहेत. ते का, हे एकदा कागदावर मांडलं की डोक्यातून जात नाही, म्हणून पूर्ण हिशेबच करतो.

देवनागरीतलं वाक्य कुठल्या भाषेतलं आहे हे ओळखणाऱ्या मॉडेलवर मी काही काळ काम केलं आहे. हिंदी, मराठी आणि कोकणी, तीनच भाषा. 'है', 'आहे' किंवा 'आसा' दिसलं की प्रश्न मिटतो. पण क्रियापदच नसलेलं दोन-तीन शब्दांचं वाक्य आलं की मॉडेल चाचपडायला लागतं. 'ळ' दिसला तर हिंदी बहुधा बाजूला पडते, पण मराठी आणि कोकणीत तो दोन्हीकडे आहे. त्यामुळे चुकलेली कोकणी बहुतेक वेळा मराठीच्या पदरात पडते. खालचे आकडे हाताने हिशेब करता यावा म्हणून मी बेतलेले आहेत, चुकांची दिशा मात्र खरी आहे. चाचणीत १००० वाक्यं: हिंदी ६००, मराठी ३५०, कोकणी ५०.

| खरी भाषा | मॉडेल म्हणालं हिंदी | मराठी | कोकणी | एकूण |
|---|---|---|---|---|
| हिंदी | ५८० | १८ | २ | ६०० |
| मराठी | १४ | ३३० | ६ | ३५० |
| कोकणी | ४ | ३४ | १२ | ५० |
| एकूण | ५९८ | ३८२ | २० | १००० |

रिकॉल आडवा वाचायचा, प्रिसिजन उभं. कोकणीची ओळ बघा: खऱ्या ५० वाक्यांपैकी १२ सापडली, म्हणजे रिकॉल ०.२४. आता कोकणीचा रकाना: मॉडेलने २० वेळा 'कोकणी' म्हटलं, त्यातलं १२ वेळा बरोबर, म्हणजे प्रिसिजन ०.६०. तसंच हिंदीचं प्रिसिजन ५८०/५९८ = ०.९७०, रिकॉल ५८०/६०० = ०.९६७. मराठीचं प्रिसिजन ३३०/३८२ = ०.८६४, रिकॉल ३३०/३५० = ०.९४३. मराठीचं प्रिसिजन रिकॉलपेक्षा इतकं खाली का, तर त्या रकान्यात कोकणीची ३४ वाक्यं येऊन बसली आहेत.

मॅक्रो म्हणजे या तीन आकड्यांची साधी सरासरी. प्रिसिजन (०.९७० + ०.८६४ + ०.६००) / ३ = ०.८११ आणि रिकॉल (०.९६७ + ०.९४३ + ०.२४०) / ३ = ०.७१७. इथे प्रत्येक भाषेला एक मत आहे. कोकणीची वाक्यं पन्नासच असली तरी तिचं मत हिंदीच्या सहाशेइतकंच.

मायक्रोत मत भाषेला नाही, वाक्याला असतं. तिन्ही भाषांचे अंश आधी एकत्र करायचे, छेद एकत्र करायचे आणि मग एकदाच भागायचं. अंशात कर्णावरचे आकडे येतात: ५८० + ३३० + १२ = ९२२. प्रिसिजनचा छेद म्हणजे रकान्यांची बेरीज, ५९८ + ३८२ + २० = १०००. रिकॉलचा छेद म्हणजे ओळींची बेरीज, ६०० + ३५० + ५० = १०००. तक्ता एकच आहे, तो उभा बेरजा किंवा आडवा, उत्तर १००० च येणार. म्हणून दोन्ही ०.९२२, आणि ॲक्युरसीही तीच.

चुकांच्या बाजूने बघितलं तर आणखी स्पष्ट होतं. एक कोकणी वाक्य मराठीत गेलं, तर ती कोकणीच्या खात्यावर 'निसटलेलं' म्हणून एक चूक आणि मराठीच्या खात्यावर 'उगाच धरलेलं' म्हणून एक चूक. नोंदी दोन, वाक्य एकच. उगाच धरलेली वाक्यं भाषेगणिक १८, ५२ आणि ८, बेरीज ७८. निसटलेली २०, २० आणि ३८, बेरीज पुन्हा ७८.

ही समानता मोडते ती दोन ठिकाणी. एक, नमुन्याला अनेक लेबलं असू शकतात तिथे. मजकूर वर्गीकरणाच्या जुन्या अभ्यासात रॉयटर्सच्या बातम्यांचा जो संग्रह सतत वापरला जायचा, त्यात एका बातमीला अनेक विषय असायचे. तिथे मायक्रो प्रिसिजन आणि रिकॉल हे खरोखरच दोन वेगळे आकडे होते. दुसरं, सरासरीतून एखादा क्लास मुद्दाम वगळला तर:

```python
from sklearn.metrics import precision_score, recall_score

L = ["mr", "kok"]
precision_score(y_true, y_pred, labels=L, average="micro")
recall_score(y_true, y_pred, labels=L, average="micro")
```

हिंदी वगळल्यावर बरोबर ओळखलेली ३४२, उगाच धरलेली ६०, निसटलेली ५८. म्हणून प्रिसिजन ३४२/४०२ = ०.८५१ आणि रिकॉल ३४२/४०० = ०.८५५. नावं-ठिकाणं हुडकणाऱ्या कामात 'यातलं काहीच नाही' हा भलामोठा क्लास असाच वगळतात, नाहीतर तोच सगळा आकडा फुगवतो. `classification_report` मध्ये एरवी `micro avg` ची ओळ दिसत नाही, तिच्या जागी `accuracy` असते, याचंही कारण हेच. वरच्यासारखे `labels` देऊन एखादा क्लास गाळलात की ती ओळ उगवते.

आता तुमचा मॅक्रो खाली का, ते तुम्हाला दिसलंच असेल: कुठलातरी लहान क्लास आजारी आहे. मायक्रोला त्याचा पत्ताच लागत नाही. समजा एका आळशी मॉडेलने 'कोकणी' हे उत्तरच टाकून दिलं. ज्या २० मराठी-हिंदी-कोकणी वाक्यांवर 'कोकणी' म्हणायचा मोह होता त्यांचा विचार सोडून सरळ मराठी म्हणायला लागलं. मग कोकणीची १२ बरोबर वाक्यं गेली, पण मराठीची कोकणीत गेलेली ६ परत आली. बरोबर ९१६, ॲक्युरसी ०.९१६. म्हणजे एक अख्खी भाषा नाहीशी झाली आणि आकडा ०.००६ ने हलला. मॅक्रो रिकॉल मात्र ०.७१७ वरून ०.६४२ वर येतो. या मॉडेलचं कोकणी प्रिसिजन शून्य भागिले शून्य होतं. स्कायकिट-लर्न इशारा देऊन तिथे ० धरतं. तो `UndefinedMetricWarning` लोक गप्प करून टाकतात. करू नका, एक क्लास कधीच उच्चारला जात नाही हे तोच सांगत असतो.

पण मॅक्रो म्हणजे 'निष्पक्ष' असा जो समज आहे, तो अर्धाच खरा. रिकॉल एकाच ओळीतून निघतो, म्हणून चाचणीत कुठली भाषा किती आहे याने तो बदलत नाही. प्रिसिजन रकान्यातून निघतं, आणि रकान्यात सगळ्या भाषांची माणसं बसलेली असतात. याच मॉडेलला, चुकण्याचं प्रमाण तेच ठेवून, प्रत्येक भाषेची ६००-६०० वाक्यं दिली असं धरा. कोकणीची ओळ बाराने गुणली जाते: ४८, ४०८, १४४. मराठीची साधारण २४, ५६६, १०. हिंदी होती तशीच. आता कोकणीचं प्रिसिजन १४४/१५६, म्हणजे जवळजवळ ०.९२! आणि मराठीचं ५६६/९९२, म्हणजे ०.५७. मॉडेलमध्ये एक अक्षर बदललेलं नाही, तरी ०.६० चं ०.९२ आणि ०.८६ चं ०.५७ झालं. गंमत म्हणजे मॅक्रो प्रिसिजन ०.८११ वरून ०.७९४ वर, जागच्या जागीच. आत एवढी उलथापालथ झाल्याचं सरासरीवरून कळलंच नसतं. म्हणून चाचणीसाठी मुद्दाम सारख्या संख्येने जमवलेल्या डेटावरचं प्रिसिजन प्रत्यक्ष वापरात तसंच राहील असं कुणी म्हणालं, तर मी मान्य करत नाही. मॅक्रो रिकॉलला हा त्रास नाही. `balanced_accuracy_score` म्हणजे तोच.

लहान क्लासची आणखी एक अडचण. कोकणीचं प्रिसिजन वीसच उत्तरांवर उभं आहे. त्यातलं एक इकडचं तिकडे झालं की ते ०.०५ ने हलतं आणि मॅक्रो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने, म्हणजे जवळजवळ ०.०१७ ने. दोन मॉडेलांच्या मॅक्रो प्रिसिजनमध्ये ०.०१ चा फरक असेल तर तो एका वाक्याचाही असू शकतो, त्यावरून विजेता ठरवू नका.

एफ-वन लिहिणार असाल तर तोही दोन तऱ्हांनी काढता येतो आणि उत्तरं वेगळी येतात. प्रत्येक भाषेचा एफ-वन काढून सरासरी घेतली तर (०.९६८ + ०.९०२ + ०.३४३) / ३ = ०.७३८. मॅक्रो प्रिसिजन आणि मॅक्रो रिकॉल यांच्यावरून काढला तर ०.७६१. स्कायकिट-लर्न पहिली तऱ्हा वापरतं. दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तुलना करताना त्याने कुठली वापरली ते आधी बघा.

आणि `weighted` चा मोह होईल, कारण तो आकडा दिसायला छान असतो. इथे वेटेड रिकॉल ०.९२२ येतो, म्हणजे पुन्हा ॲक्युरसीच, कारण ओळीच्या छेदाने भागून त्याच छेदाने गुणलं. वेटेड प्रिसिजन ०.९१४. लहान क्लासला त्याच्या आकाराइतकंच वजन दिलं की तो पुन्हा झाकला जातो.

तुमच्या जागी मी असतो तर आधी हे बघितलं असतं की चूक कुणाला भोवते. आलेल्या मजकुराच्या ढिगातली किती वाक्यं बरोबर रस्त्याला लागली एवढंच हवं असेल, तर ॲक्युरसी लिहा आणि तिला ॲक्युरसीच म्हणा, 'मायक्रो प्रिसिजन' असं भारदस्त नाव देऊ नका. प्रत्येक क्लास वेगळा महत्त्वाचा असेल, जसं आमच्याकडे कोकणी मजकूर गोळा करणं हाच अर्धा हेतू होता, तर मॅक्रो रिकॉल आणि मॅक्रो प्रिसिजन दोन्ही द्या. आणि क्लास तीनच आहेत, तेव्हा `average=None` देऊन सहाही आकडे आणि कन्फ्युजन मॅट्रिक्स रिपोर्टमध्ये टाका, अर्ध्या पानातही ते बसतं. तुमचा मॅट्रिक्स इथे चिकटवलात तर कुठला क्लास कुणात मिसळतोय ते बघून सांगतो.