पॅनेलवर लिहिलं तर रेघ लॅपटॉपवर उमटते, काय करावं?

प्रश्न: लातूरला माझा छोटा क्लास आहे. भिंतीवर ६५ इंची टच पॅनेल, टेबलावर विंडोज लॅपटॉप. दोन्हीवर वेगळं दिसावं म्हणून एक्स्टेंड केलंय. आता पॅनेलवर लिहिलं की रेघ लॅपटॉपवर उमटते. कॅलिब्रेशन दोनदा केलं, फरक नाही. पॅनेल खराब आहे का?

उत्तर:

पॅनेल चांगलं आहे. टच भलत्याच स्क्रीनवर जात असेल तर तो मॅपिंगचा घोळ; कॅलिब्रेशनने तो कधीच सुटत नाही.

तुमच्या पॅनेलला दोन वायरी जातात. एचडीएमआयमधून चित्र जातं आणि यूएसबीमधून बोटाची जागा परत येते. या दोन्ही वायरी एकाच पॅनेलच्या आहेत हे विंडोजला आपोआप कळेलच असं नाही. न कळल्यास ते टच मुख्य स्क्रीनला जोडून टाकतं, आणि तुमची मुख्य स्क्रीन लॅपटॉपची. डुप्लिकेटवर असताना दोन्हीकडे चित्र एकच असतं, म्हणून हा घोळ तेव्हा दिसत नाही.

आधी केलेलं कॅलिब्रेशन पुसून टाका. कंट्रोल पॅनेलमध्ये `Tablet PC Settings` उघडा, `Display` टॅबवर दोन्ही स्क्रीन पाळीपाळीने निवडून `Reset` दाबा (बटण फिकं दिसलं तर पुसण्यासारखं काही नाही). ही सेटिंगच सापडली नाही, तर विंडोजला टच दिसतच नाहीये. यूएसबी वायर नीट बसली आहे का ते बघा. मग विंडोज आणि आर एकत्र दाबून हे टाका:

```
multidigimon -touch
```

एक स्क्रीन पांढरी होऊन तिच्यावर सूचना येईल, की टच स्क्रीन हीच असेल तर इथे बोट लावा. नव्वद टक्के लोक गंडतात ते इथेच. सूचना आधी लॅपटॉपवर येते आणि माणूस सवयीने जाऊन पॅनेलला बोट लावतो. विंडोज तेच खरं धरतं आणि पॅनेलचा टच रीतसर लॅपटॉपला जोडून मोकळं होतं. सूचना लॅपटॉपवर असेल तर कशालाही हात न लावता कीबोर्डवर एंटर दाबा. ती पॅनेलवर सरकेल, तेव्हाच पॅनेलला बोट लावा. लॅपटॉपलाही टच असेल तर मात्र लॅपटॉपवरच्या सूचनेला लॅपटॉपवरच बोट लावायचं आणि पॅनेलवरच्या सूचनेला पॅनेलवर.

ही जोडणी यूएसबीच्या पोर्टाशी बांधलेली राहते. उद्या वायर शेजारच्या पोर्टात घातली की बहुतेकदा विंडोजला ते नवं यंत्र वाटतं आणि पहिले पाढे पंचावन्न. पोर्टाशेजारी रंगीत टेपचा तुकडा चिकटवून ठेवा आणि क्लासच्या पोरांना सांगून ठेवा.

एवढ्यावर रेघ पॅनेलवर यायला लागेल. ती बोटाखालीच येते का हे बघायला चारही कोपऱ्यांत आणि मधोमध एकेक ठिपका काढा. सगळीकडे सारखाच, एकाच दिशेला सरकलेला असेल तर आता कॅलिब्रेशन करा: `Tablet PC Settings`च्या `Display` टॅबवर वर पॅनेलची स्क्रीन निवडा, `Calibrate` दाबा, आणि येणाऱ्या प्रत्येक फुलीवर समोर सरळ उभं राहून बोट टेकवा. तिरकं उभं राहिलात तर काचेच्या जाडीमुळे बोट चुकीच्या जागी पडतं.

पण मध्ये बरोबर आणि कडेला जाऊ तसा ठिपका बोटाच्या बाहेर पळतोय, असं दिसलं तर थांबा. अंबाजोगाईच्या एका क्लासमध्ये नेमकं हेच होतं. पॅनेल एचडीएमआयचं चित्र टीव्हीसारखं पाचेक टक्के मोठं करून दाखवत होतं, त्यामुळे कडा कापल्या जात होत्या आणि टास्कबार अर्धाच दिसत होता. ६५ इंची पॅनेल साधारण १४४ सेंटिमीटर रुंद असतं. मध्यापासून कडेपर्यंत ७२. त्याचे पाच टक्के म्हणजे कडेजवळ साडेतीन सेंटिमीटरची चूक, आणि मध्यावर शून्य. पॅनेलच्या स्वतःच्या मेनूत ओव्हरस्कॅन बंद केलं आणि कॅलिब्रेशनची गरजच उरली नाही. तसंच रेटून कॅलिब्रेशन केलं असतं तर त्या लॅपटॉपवर जमलं असतं, पण टास्कबार अर्धाच राहिला असता आणि दुसऱ्या सरांचा लॅपटॉप जोडला की चूक परत आली असती, कारण विंडोजचं कॅलिब्रेशन त्या-त्या कॉम्प्युटरवरच साठतं.

आणि एका ठरावीक पट्ट्यातच रेघ तुटत असेल, किंवा कुणी हात न लावता ठिपके उमटत असतील, तर सेटिंगमध्ये शोधू नका. क्लासमधली मोठी पॅनेलं बहुतेक इन्फ्रारेडची असतात. चौकटीच्या आतल्या कडेला किरण सोडणारी आणि पकडणारी खिडकी असते. तिथे खडूची भुकटी किंवा उन्हाळ्यातला फुफाटा बसला की किरण अडतात. कोरड्या मऊ फडक्याने चारही बाजूंची आतली कड पुसा. दुपारचं ऊन थेट चौकटीवर येत असेल तर खोलीच्या ज्या खिडकीतून ते येतं तिला जाड पडदा लावा.