मिड-रेंज फोनवर तास-दीड तास खेळलं तरी फोन तापणार नाही आणि बॅटरी उतरणार नाही, असे गेम कोणते? रोजचा प्रवास विरार-चर्चगेट आहे.

आळीपाळीने चाल करायचे किंवा कोडं सोडवायचे गेम घ्या. बुद्धिबळ, सुडोकू, पॉलिटोपिया. रेसिंग किंवा गोळीबाराच्या गेममध्ये प्रोसेसरला सेकंदाला ३० ते ६० वेळा अख्खं चित्र नव्याने काढावं लागतं. बुद्धिबळात तुम्ही विचार करत बसता तेव्हा पट जागचा हलत नाही, त्यामुळे प्रोसेसरला फारसं काम उरत नाही.

बॅटरीतून जेवढी वीज जाते, तिची जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते. म्हणजे टक्के भराभर उतरत असतील तर फोन तापणारच. माझाही प्रवास तुमच्याच लाइनवर आहे. फोन ५००० एमएएचचा, म्हणजे साधारण १९ वॅट-तासांचा. एका थ्रीडी रेसिंग गेमने तासाला २२ टक्के खाल्ले, म्हणजे ४ वॅटच्या आसपास. पंखा नसलेला फोन, त्यात डब्यातली गर्दी आणि उकाडा, एवढी उष्णता जाणार कुठे? अंधेरीपर्यंत गेममधली गाडी मस्त पळायची, मग अडखळायला लागायची आणि स्क्रीन आपोआप मंद व्हायची. फोन स्वतःला वाचवायला वेग कमी करतोय, याची ही खूण. लीचेसवर बुद्धिबळ खेळतो तेव्हा तासाला ८ टक्के जातात, म्हणजे दीड वॅट. त्यातही मोठा वाटा स्क्रीनचा.

लीचेस मी मनापासून सुचवेन. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि कॉम्प्युटरविरुद्ध नेटशिवाय खेळता येतं. जाहिरातींचं महत्त्व कमी समजू नका. साध्या सुडोकूच्या ॲपमध्येही दर डावानंतर व्हिडिओ सुरू झाला की नेट आणि प्रोसेसर दोन्ही कामाला लागतात.

मात्र यात एक खोच आहे, मी स्वतः त्यात अडकलो होतो. डाव संपल्यावर विश्लेषणाचा पट उघडून चाली तपासणारं स्टॉकफिश इंजिन वेळेची मर्यादा न घालता चालू ठेवलं, तर ते थांबतच नाही. तुम्ही एकच स्थिती बघत बसलात तरी ते खोल खोल मोजत राहतं आणि फोनची मागची बाजू दहा मिनिटांत चटका द्यायला लागते. चूक कुठे झाली ते डोक्याने शोधा, इंजिन क्षणभर लावून बंद करा.

खेळताना फ्लाइट मोड लावा. धावत्या लोकलमध्ये फोन सतत नवा टॉवर धरत असतो, आणि सिग्नल कमजोर असला की जास्त ताकद लावतो. पॉवरबँक लावून खेळू नका, कारण चार्जिंगची उष्णता वरून वाढते.

कुठलाही नवा गेम असा तपासा: विरारला टक्के बघा, बोरिवलीला पुन्हा बघा. त्या अर्ध्या तासात ५ टक्क्यांपेक्षा कमी गेले असतील तर तो चर्चगेटपर्यंत आरामात चालेल. १० च्या वर गेले तर तो घरी पंख्याखाली खेळायचा गेम.