फिजिक्सचा कोणता चॅप्टर सोडायचा, हे वेटेज चार्टवरून ठरत नाही

प्रश्न: "बारावी सायन्स, महाराष्ट्र बोर्ड, देवगड. फिजिक्सच्या पेपरला तीनच दिवस राहिलेत. रोटेशनल डायनॅमिक्स, इलेक्ट्रोस्टॅटिक्स, एसी सर्किट्स आणि मॅग्नेटिक मटेरियल्स उघडलेलेच नाहीत. बाकीचे बारा एकदा वाचून झालेत. जुन्या पेपरांत कुठल्या चॅप्टरला 7 मार्क, कुठल्याला 5, आणि एकाच चॅप्टरवर कधी मोठा प्रश्न तर कधी किरकोळ. कोणता सोडू?"

इलेक्ट्रोस्टॅटिक्स सोड. पण हे उत्तर घेऊन पुस्तक मिटू नकोस, कारण तुझे खरे मार्क या चार चॅप्टरांत अडकलेलेच नाहीत.

क्लासवाले भिंतीवर जो वेटेज चार्ट लावतात ना, रोटेशनल 7, फ्लुइड्स 7, ऑसिलेशन्स 5 वगैरे, त्याच्यावरून स्टाफरूममध्ये माझे किती वाद झालेत. चार्ट खोटा नाही. त्यातले आकडे ऑप्शन धरून आहेत, आणि सोळा चॅप्टरांची बेरीज 98 होते. पेपर 70 चा. म्हणजे 28 मार्कांचे प्रश्न न सोडवताही पूर्ण पेपर होतो. सोडण्याचा सगळा हिशेब या 28 मध्ये आहे आणि ते कुठे ठेवलेत हे चार्ट सांगत नाही.

ते असे ठेवलेत. सेक्शन ए मध्ये दहा एमसीक्यू आणि आठ एका मार्काचे प्रश्न, एकूण 18, सगळे सक्तीचे, इथे ऑप्शन शून्य. सेक्शन बी मध्ये 2 मार्कांचे बारा, त्यातले आठ लिहायचे. सी मध्ये 3 मार्कांचे बारा, त्यातले आठ. डी मध्ये 4 मार्कांचे पाच, त्यातले तीन. म्हणजे बी आणि सी मध्ये चार-चार प्रश्न सोडता येतात, डी मध्ये फक्त दोन. चॅप्टरचे एकूण मार्क साधारण तेवढेच राहतात, पण 6 मार्क एका वर्षी 1+2+3 असे येतात आणि दुसऱ्या वर्षी 1+1+4 असे. तुला जी असमानता दिसतेय ती ही.

आता तुझ्या चार चॅप्टरांवर हे लावून बघू. एक पेपर असा धर. रोटेशनल: ए मध्ये 1, बी मध्ये 2, डी मध्ये 4. इलेक्ट्रोस्टॅटिक्स: 1, 2 आणि सी मध्ये 3. एसी सर्किट्स: ए मध्ये एकेकाचे दोन आणि डी मध्ये 4. मॅग्नेटिक मटेरियल्स: बी मध्ये 2, सी मध्ये 3. एकूण 24. चारही सोडलेस तर ए मधले 4 मार्क सरळ गेले. बी मध्ये नऊ प्रश्न उरतात, हवेत आठ. सी मध्ये दहा उरतात, हवेत आठ. डी मध्ये बरोबर तीन उरतात आणि तीनच लिहायचेत, तिथे निवड संपली. कागदावर नुकसान फक्त 4 मार्कांचं! एकटं इलेक्ट्रोस्टॅटिक्स सोडलंस तर 1 मार्काचं.

पण हा हिशेब उरलेले बारा चॅप्टर पक्के आहेत असं गृहीत धरतो, आणि "एकदा वाचून झालेत" याचा अर्थ पक्के नाहीत. म्हणून आज पहिलं काम हे कर. मागच्या वर्षीचा पेपर समोर घे, काहीही सोडवू नकोस, फक्त पेन्सिलीने खुणा कर. पुस्तक न बघता आत्ता लिहिता येईल त्याला बरोबरची खूण. सुरुवात येते पण मधल्या पायरीला अडतं, त्याला टिंब. मुळीच नाही, त्याला फुली. मग सेक्शनवार मोज. तुझ्यासारख्या तयारीच्या मुलाचं चित्र साधारण असं येईल: बी मध्ये बरोबर 6, टिंब 3, फुली 3. सी मध्ये 5, 5, 2. डी मध्ये 1, 2, 2.

आता बघ. बी मध्ये आठ भरायला दोन टिंबं पक्की व्हायला हवीत, म्हणजे 4 मार्क. सी मध्ये तीन टिंबं, 9 मार्क. डी मध्ये दोन्ही टिंबं, 8 मार्क. हे झाले 21. फुल्या सगळ्या ऑप्शनमध्ये गेल्या, त्यांचं नुकसान फक्त सेक्शन ए पुरतं. अर्धवट येणाऱ्या प्रश्नांत 21 मार्क टांगलेले आणि तू काळजी कसली करतोयस, तर न उघडलेल्या चॅप्टरांची. बोर्डाच्या तपासणीत पायरीला मार्क मिळतात, त्यामुळे टिंबवाल्या प्रश्नाला शून्य पडणार नाही हे खरं. पण प्रत्येकात अर्धा-एक मार्क गळतोच, आणि शेवटचं सूत्र पाठ करून मधे उडी मारणाऱ्याचा जास्त गळतो.

म्हणून पहिला दिवस टिंबांचा. टिंब पक्कं करणं म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. वायूच्या दाबाचं डेरिव्हेशन घे: बहुतेकांचं कुठे अडतं, तर भिंतीवर आदळणाऱ्या एका रेणूवरून N रेणूंवर जाताना आणि तो 1/3 कुठून आला हे लिहिताना. तेवढ्या दोन ओळी समजून घे, पुस्तक बंद कर, पूर्ण लिहून काढ. पेपरला 180 मिनिटं आणि 70 मार्क, म्हणजे मार्काला अडीच मिनिटं. 3 मार्कांचं डेरिव्हेशन आठ मिनिटांत आकृतीसकट उतरलं नाही तर ते अजून टिंबच आहे. यंगच्या प्रयोगातली फ्रिंजची रुंदी, म्युच्युअल इंडक्टन्स, फुल वेव्ह रेक्टिफायरची आकृती, ही असली टिंबं बहुतेकांच्या वहीत असतात.

त्याच संध्याकाळी मॅग्नेटिक मटेरियल्स. लहान चॅप्टर आहे, आणि मॅग्नेटिक फील्डचा चॅप्टर झालेला असल्यामुळे टॉर्क आणि मॅग्नेटिक मोमेंट तुला परके नाहीत. डाया, पॅरा, फेरो यांतले फरक, फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचा मॅग्नेटिक मोमेंट, मॅग्नेटायझेशन, हिस्टेरिसिसचा लूप नावांसकट. अर्ध्या दिवसात 5 मार्कांचे प्रश्न हातात. चार्ट बघून "5 च मार्कांचा आहे, सोडा" असं सांगणारे मला अजून भेटतात. अरे, किती मार्कांचा हे विचारताना किती तासांचा हे कोण विचारणार?

दुसरा दिवस एसी सर्किट्स. ईएमआय वाचलेलं आहे म्हणून हा चॅप्टर तुला निम्म्या कष्टात येईल. नुसता रेझिस्टर, नुसता इंडक्टर, नुसता कपॅसिटर ही तीन डेरिव्हेशनं एकाच साच्याची आहेत: e = e₀ sin ωt ने सुरू करायचं, इंडक्टरमध्ये करंट 90° मागे, कपॅसिटरमध्ये 90° पुढे. मग एलसीआरचं इम्पीडन्स, सरासरी पॉवर आणि पॉवर फॅक्टर, आणि सिरीज रेझोनन्स, f = 1/(2π√(LC)). फेजर आकृती बाणांसकट काढ. बाण उलटा गेला की लॅगचं लीड होतं आणि पुढचं सगळं उलटं येतं.

इथेच इलेक्ट्रोस्टॅटिक्सची एक अडचण आहे. एलसी ऑसिलेशन्सला कपॅसिटर लागतो. म्हणून इलेक्ट्रोस्टॅटिक्स सोडताना त्यातलं एक पान ठेवायचं: C = Q/V, सिरीज-पॅरलल, एनर्जी ½CV², इक्विपोटेन्शियल सरफेसची व्याख्या, पोलर-नॉनपोलर डायइलेक्ट्रिकचं एकेक उदाहरण. अर्धा तास. त्यात सेक्शन ए मधला 1 मार्कही बहुधा सुटतो. गॉसची उपयोजनं, डायपोलचं पोटेन्शियल, डायइलेक्ट्रिकची पट्टी घातलेला कपॅसिटर, याला हात लावू नकोस. हा चॅप्टर सोडायचा तो याचसाठी: लांब आहे, डेरिव्हेशनं एकमेकांना साच्यात बसत नाहीत, आणि वरचं पान वगळलं तर तुझे पुढचे चॅप्टर त्याच्यावाचून अडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी रोटेशनल, पण अख्खं नाही. बँकिंग, कोनिकल पेंड्युलम, उभ्या वर्तुळातली गती (किमान वेग तळाला √(5rg), मध्यावर √(3rg), माथ्यावर √(rg)) आणि पॅरलल व पर्पेंडिक्युलर ॲक्सिसची दोन प्रमेयं. रोलिंग राहू दे. मोमेंट ऑफ इनर्शियाची व्याख्या मात्र हवी, कारण ऑसिलेशन्समध्ये चुंबकाच्या दोलनाच्या सूत्रात I बसलेला आहे. दुसऱ्या दिवशी रात्री एलसीआरचं डेरिव्हेशन पुस्तकाशिवाय दहा मिनिटांत उतरलं नसेल, तर रोटेशनलही सोड आणि सकाळ त्याच टिंबांना दे.

दुपारी सोळाही चॅप्टरांच्या स्वाध्यायातले एमसीक्यू आणि एका ओळीचे प्रश्न. सोडलेल्या चॅप्टरचेसुद्धा, कारण ए मध्ये पळवाट नाही. एमसीक्यूला निगेटिव्ह मार्किंग नाही, कोरा ठेवायचा नाही. पण पहिलंच लिहिलेलं उत्तर धरतात, खोडून दुसरं लिहिलंस तर उपयोग नाही. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणून निदान चार न्यूमेरिकल लॉग टेबलवर करून बघ. सूत्र बरोबर आणि अँटीलॉग चुकीचा, हे फार बघितलंय.

आणि कोणी म्हणेल की कोकण बोर्डाचा निकाल राज्यात पहिला असतो, इथे पेपर सोपा येतो, काळजी करू नको. पेपर सगळ्या विभागांना एकच असतो रे. शिमग्याच्या गडबडीत असली वाक्यं जास्त ऐकू येतात.

दोन गोष्टी राहिल्या. हा सगळा हिशेब बोर्डाच्या पेपरपुरता. सीईटीला बारावीचा पूर्ण अभ्यासक्रम असतो, ऑप्शन नसतो, आणि इलेक्ट्रोस्टॅटिक्स तिथे टाळता येत नाही. बोर्ड संपलं की पहिला तोच चॅप्टर उघडायचा. दुसरी, तुझं लक्ष्य 65 च्या वर असेल तर चॅप्टर सोडणं धोक्याचं, कारण मग डी मध्ये निवडीला वाव उरेलच असं नाही आणि एखादा प्रश्न फसला तरी भरून काढायला जागा नसते. पण चार चॅप्टर न उघडता तीन दिवस उरलेत, तेव्हा ते लक्ष्य सध्या बाजूला ठेव आणि पेन्सिल घेऊन आधी खुणा कर.